'कारण नाल्याला पूर आला होता.' हे वाक्य अपुरं आहे का? सातवीच्या वहीतले चार लाल गोल

पांदणवाट
१९ ऑगस्ट, रात्री ९.१०

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या गावच्या शाळेत मराठी शिकवते. सहावी-सातवीला इंग्रजीही माझ्याकडेच आहे. आज एका मुलानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून इथं मांडते.

'मी शाळेत आलो नाही तो दिवस' या विषयावर सातवीला दहा-बारा ओळी लिहायला दिल्या होत्या. त्या मुलाच्या वहीतला उतारा जसाच्या तसा देते:

"त्या दिवशी मी शाळेत आलो नाही. कारण नाल्याला पूर आला होता. एसटी पुलाच्या पलीकडंच थांबली म्हणून. बाबांनी मला घरी परत नेलं. ज्या बैलाला आदल्या दिवशी कुंपणाची तार लागली होती. त्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. पाऊस थांबल्यावर. आम्ही बैल घेऊन निघालो."

यात मी चार ठिकाणी लाल गोल केले: 'कारण' वाली ओळ, 'म्हणून'वर संपणारी, 'ज्या बैलाला' वाली आणि 'पाऊस थांबल्यावर'. चारही ठिकाणी समासात 'अपूर्ण वाक्य' लिहिलं आणि प्रत्येकी अर्धा गुण कापला. ही गौणवाक्यं आहेत, गौणवाक्य एकटं उभं राहू शकत नाही, त्याला प्रधानवाक्याचा आधार लागतो, असं मी धरून चालले.

सुटीत पोरगा वही घेऊन आला. बाकीच्या तीन गोलांबद्दल त्याची तक्रार नव्हती. म्हणाला, "मॅडम, कारणमध्ये काय चुकलं? तुम्हीच काल फळ्यावर लिहिलं होतं." खरंच लिहिलं होतं. "उद्या सर्वांनी लवकर यावे. कारण उद्या आरोग्य तपासणी आहे." फळा पुसलेला नव्हता. तो बोट दाखवत होता आणि मी बघत होते.

आता सांगा, मी फळ्यावर चूक लिहिली, की वहीतलं बरोबर असताना गुण कापले? एकतीस वह्या आहेत आणि जवळपास प्रत्येकीत 'कारण'नं सुरू होणारी ओळ आहे.

---

जुने_गुरुजी
१९ ऑगस्ट, रात्री ९.४५

ताई, तुम्ही गुण कापले ते योग्यच केलंत. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, तेव्हा थोडं अधिकारानं बोलतो.

उभयान्वयी अव्ययांचे दोन गट आहेत. 'आणि, किंवा, पण, म्हणून' हे प्रधानत्वसूचक. ते दोन बरोबरीची वाक्यं जोडतात आणि संयुक्त वाक्य होतं. 'की, कारण, जर-तर, जरी-तरी' हे गौणत्वसूचक. ते एका वाक्याला दुसऱ्याच्या हाताखाली आणतात आणि मिश्र वाक्य होतं. 'कारण' हे कारणबोधक, म्हणजे दुसऱ्या गटातलं. मग 'कारण नाल्याला पूर आला होता' हे गौणवाक्यच झालं, आणि त्याच्याआधी पूर्णविराम दिला की त्याचं प्रधानवाक्य तुटलं.

फळ्यावर तुम्ही लिहिलं तिथंही 'यावे' नंतर स्वल्पविराम हवा होता. चूक झाली तर मुलांसमोर दुरुस्त करावी, त्यानं शिक्षकाचा मान कमी होत नाही.

---

धुऱ्यावरून
१९ ऑगस्ट, रात्री १०.२०

मी काही व्याकरणवाला नाही, शेती करतो. पण गुरुजी, आमच्याकडं सगळे असंच बोलतात ना. "काल नाई आलो. काहून का नाल्याले पूर होता." हे 'काहून का' म्हणायच्या आधी माणूस चांगला थांबते, पान थुकून येते अन् मंग बोलते. ते तुटलेलं कसं झालं?

आन् दुसरं, "पूर होता म्हून" एवढंच कोणी येऊन बोललं, तर आपण म्हणतो, "म्हून काय झालं बावा? पुढं बोल." 'काहून का नाल्याले पूर होता' यावर कोणी 'पुढं बोल' म्हणत नाही. दोघांत फरक हाय, एवढं मले समजते. काहून हाय ते तुमी सांगा.

---

अभ्यासिका
१९ ऑगस्ट, रात्री १०.५२

तलाठी भरतीला हा प्रश्न हमखास येतो. 'तो आला नाही कारण तो आजारी होता' या वाक्याचा प्रकार ओळखा. उत्तर मिश्र वाक्य. मग यात वाद कशाचा? कोणी संयुक्त म्हणत असेल तर पुरावा द्यावा, माझी परीक्षा जवळ आली आहे.

---

तांबडी_शाई
१९ ऑगस्ट, रात्री ११.३५

पांदणवाट ताई, मी वर्ध्याला राहते. भाषाशास्त्रात एम.ए. केलं आणि गेली सोळा वर्षं मुद्रितशोधनावर घर चालवते. 'कारण'च्या आधी टिंब की स्वल्पविराम, हा प्रश्न मला रोज पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या चार गोलांत चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यातला 'कारण'चा गोल पुसावा, असं माझं मत आहे.

'धुऱ्यावरून' भाऊंनी जे कानानं ओळखलं, ते वाक्याची जागा बदलून पाहता येतं. जे खरंच दुसऱ्या वाक्याच्या पोटातलं असतं, ते मराठीत पुढं आणता येतं. 'नाल्याला पूर आला होता म्हणून मी शाळेत आलो नाही.' छान वाक्य आहे. 'मी शाळेत आलो नाही, नाल्याला पूर आला होता म्हणून.' हेही चालतं. म्हणजे 'म्हणून'ची ओळ पुढंही येते आणि मागंही जाते. आता 'कारण' घ्या. 'कारण नाल्याला पूर आला होता, मी शाळेत आलो नाही.' मोठ्यानं वाचा. असं मराठीत कोणी बोलत नाही. असं वाक्य दिसलं की मी ओळखते, हे इंग्रजीवरून उतरवलेलं भाषांतर आहे. 'कारण'ची ओळ फक्त मागून येते. 'पण' आणि 'आणि' यांचंही तसंच आहे. 'पण नाल्याला पूर होता, मी आलो' असंही आपण म्हणत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि मला ती जास्त पटते. पोटातल्या वाक्याला स्वतःचा प्रश्न विचारता येत नाही. 'कारण'च्या ओळीला येतो. आई पोराला म्हणते, "छत्री घेऊन जा. कारण पाऊस कधी येईल सांगता येतं का?" इथं 'कारण'च्या पुढं अख्खा प्रश्न आला आहे. हाच प्रश्न 'म्हणून'च्या आत घालून पाहा: 'पाऊस कधी येईल सांगता येतं का म्हणून छत्री घेऊन जा.' मोडलं. ज्या ओळीत स्वतंत्र प्रश्न मावतो, ती ओळ कोणाच्या पोटात नाही, स्वतःच्या पायावर उभी आहे.

तिसरं लहानसं. 'कारण' हे मुळात नाम आहे. 'याचं कारण असं, की नाल्याला पूर आला होता' हे पूर्ण वाक्य आहे यात वाद नाही. आपलं 'कारण नाल्याला पूर आला होता' त्याच्याच अंगणातलं आहे.

तेव्हा गुरुजींचं वर्गीकरण अर्थापुरतं ठीक. 'कारण'ची ओळ आधीच्या ओळीचं कारण सांगते, म्हणून तिला गौण म्हटलं. पण अर्थानं टेकणं वेगळं आणि रचनेनं अपुरं असणं वेगळं. 'तो घरी गेला' या वाक्यातला 'तो' कोण, हे मागच्या ओळीशिवाय कळत नाही. म्हणून ते वाक्य आपण अपूर्ण ठरवत नाही.

अभ्यासिका, तुम्ही परीक्षेत मिश्र वाक्यावरच खूण करा. तिथं उत्तरतालिका चालते आणि ती जुन्या वर्गीकरणावर बेतलेली असते. तुमच्या वाक्यात 'कारण'च्या आधी पूर्णविरामही नाही. ताईंचा प्रश्न पूर्णविरामाचा आहे.

---

इंग्रजीचा_तास
२० ऑगस्ट, सकाळी ७.१५

मी चंद्रपूर जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. ही गफलत कुठून आली ते मला दिसतंय, कारण आमच्याकडं ती उलट्या दिशेनं येते.

इंग्रजीत 'बिकॉज द ब्रिज वॉज अंडर वॉटर' असं लिहून टिंब दिलं, तर ते खरंच तुटकं वाक्य आहे. त्यात कर्ता आहे, काळ दाखवणारं क्रियापद आहे, तरी 'बिकॉज'नं त्याला बांधून टाकलंय. आणि 'बिकॉज'चं ते वाक्य पुढं आणता येतं: 'बिकॉज द ब्रिज वॉज अंडर वॉटर, आय स्टेड होम.' यात काहीही चूक नाही. आमच्या पोरांना कोणीतरी लहानपणी सांगून ठेवलेलं असतं की 'बिकॉज'नं वाक्य सुरूच करायचं नाही. तो नियम चुकीचा आहे. सुरू करायला हरकत नाही, पुढं प्रधानवाक्य मात्र आलं पाहिजे.

ताई इंग्रजीही शिकवतात. 'बिकॉज म्हणजे कारण' असं आपण शब्दार्थात लिहून देतो आणि शब्दार्थाबरोबर 'बिकॉज'चा नियमही 'कारण'च्या गळ्यात पडतो. तांबडी शाई ताईंचं वाचून एक लक्षात आलं. इंग्रजीत जुन्या वळणाच्या लेखनात 'फॉर' हा शब्द कारण सांगायला येतो. तो पुढं आणता येत नाही, नेहमी मागून येतो, आणि इंग्रजी व्याकरणात त्याला 'अँड', 'बट' यांच्या पंगतीत बसवतात. आपल्या 'कारण'चा जोडीदार तिकडं शोधायचा तर तो 'बिकॉज'पेक्षा 'फॉर' जवळचा आहे. 'बिकॉज'च्या जवळ आपलं 'म्हणून' येतं, फक्त ते ओळीच्या शेवटी बसतं.

---

जुने_गुरुजी
२० ऑगस्ट, सकाळी ९.३०

तांबडी शाई ताई, तुमचं छत्रीचं उदाहरण चांगलं आहे, रात्रभर डोक्यात होतं. तरी मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, पान उलटल्यावर पहिलीच ओळ 'कारण नाल्याला पूर आला होता' अशी दिसली, तर वाचणारा मागचं पान उलटून बघेल की नाही? बघेलच. मग ते पूर्ण कसं? 'पण'चंही तसंच आहे म्हणाल, तर मी 'पण'नंही वाक्य सुरू करू देत नव्हतो.

दुसरी, ती आई बोलते आहे. बोलण्यात आपण काय वाटेल तिथं थांबतो. लेखनात पूर्णविराम म्हणजे विचार संपला. जुन्या पोथ्यांत ओवीच्या शेवटी दंड असायचा, बाकी स्वल्पविराम-अर्धविराम काही नव्हतं. ही चिन्हं आपण इंग्रजांच्या काळात छापखान्याबरोबर घेतली. घेतली तर त्यांची शिस्तही पाळावी, एवढंच माझं म्हणणं. सातवीच्या पोराला आज सूट दिली तर तो दहावीत प्रत्येक ओळीनंतर टिंब देईल. मी असे पेपर तपासले आहेत.

---

तांबडी_शाई
२० ऑगस्ट, सकाळी ११.०५

गुरुजी, शेवटचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तसे मजकूर माझ्याही टेबलावर येतात.

पण चिन्ह बाहेरून आलं तरी ते आपल्या वाक्याच्या बांध्यावर बसवायचं असतं. मी स्वतः असं करते: आधीचं वाक्य छोटं असेल आणि कारण लगेच येत असेल, तर स्वल्पविराम. 'मी आलो नाही, कारण नाल्याला पूर होता.' आधीचं वाक्य दोन-तीन ओळींचं असेल, किंवा 'कारण'च्या पुढं बरंच काही सांगायचं असेल, तर पूर्णविराम. या मुलाच्या उताऱ्यात स्वल्पविराम जास्त शोभला असता, हे मी मान्य करते. पण शोभण्याचे गुण वेगळे, 'अपूर्ण वाक्य' हा शेरा वेगळा. पान उलटण्याबद्दल म्हणाल, तर वाचणारा अर्थ शोधायला मागं जाईल, वाक्याचा उरलेला तुकडा शोधायला नाही.

आता बाकीचे तीन गोल. ते खरे महत्त्वाचे आहेत.

'पाऊस थांबल्यावर.' हा सर्वांत सोपा. यात गौणवाक्यसुद्धा नाही. 'थांबल्यावर' या रूपाला स्वतःचा काळ नाही. काल थांबल्यावर, उद्या थांबल्यावर, रोज थांबल्यावर, सगळीकडं हेच रूप चालतं. 'थांबला', 'थांबतो', 'थांबेल' असं रूप असल्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. 'थांबल्यामुळे', 'थांबताना', 'थांबून' यांचंही तेच. मुलांना सांगायला सोपं आहे: 'काल' आणि 'उद्या' दोन्ही लावून बघ. दोन्ही बसले तर ते वाक्याचं क्रियापद नाही.

'ज्या बैलाला आदल्या दिवशी कुंपणाची तार लागली होती.' हे खरंखुरं तुटलेलं गौणवाक्य. 'लागली होती' हे पूर्ण क्रियापद आहे, म्हणून 'काल-उद्या'ची युक्ती इथं चालत नाही. इथं 'ज्या'नं दार उघडं ठेवलं आहे आणि 'त्याला' येईपर्यंत ते बंद होत नाही. 'जो' आला की 'तो' हवा, 'जेव्हा' आला की 'तेव्हा' हवं, आणि दोघांच्या मध्ये पूर्णविराम घालता येत नाही. इथं पुढच्या ओळीत 'त्याला' आहेच, म्हणून मुलाला वाटलं असेल की हिशोब पुरा झाला. फक्त टिंबाच्या जागी स्वल्पविराम केला की झालं.

'म्हणून'चा गोल मात्र मी एकटीनं सोडवणार नाही. तो मुलाला विचारावा लागेल. उतारा पुन्हा वाचा: '...कारण नाल्याला पूर आला होता. एसटी पुलाच्या पलीकडंच थांबली म्हणून. बाबांनी मला घरी परत नेलं.' याचे दोन अर्थ निघतात. एक, एसटी अडकली म्हणून बाबांनी घरी नेलं. तसं असेल तर त्याचं टिंब एक शब्द उशिरा पडलं. 'एसटी पुलाच्या पलीकडंच थांबली. म्हणून बाबांनी मला घरी परत नेलं.' एक टिंब एका शब्दानं मागं घेतलं की दोन्ही वाक्यं पूर्ण, कारण हे दुसरं 'म्हणून' परिणाम सांगणारं आहे, 'पण'सारखं पुढच्या वाक्याच्या तोंडाशी बसणारं. दोन, त्याला शाळेत न येण्याचं आणखी एक कारण सांगायचं असेल: 'शाळेत आलो नाही... एसटी थांबली म्हणून.' बोलताना मागाहून आठवलेलं आपण असंच जोडतो. मग ते तुटकं आहे आणि पहिल्या ओळीत नेऊन जोडायला हवं. शब्द तेच, क्रम तोच. कानाला मात्र फरक कळतो, कारण पहिल्या अर्थात आपण 'थांबली'वर थांबतो आणि दुसऱ्यात 'म्हणून'वर. वहीवर तो थांबा दिसत नाही.

---

सूचनाफलक
२० ऑगस्ट, दुपारी २.४०

मी ग्रामसेवक आहे. धागा वाचून अंगावर काटा आला, कारण 'ज्या' वाली चूक मी महिनाभर फलकावर लावून ठेवली होती.

मी लिहिलं होतं: "ज्या शेतकऱ्यांची ई-केवायसी झालेली नाही. त्यांनी शुक्रवारपर्यंत सेतू केंद्रात जावे." कागद लहान होता. पहिलं वाक्य एका कागदावर मावलं, दुसरं खालच्या कागदावर लिहून चिकटवलं. दोन दिवस पाऊस लागला आणि वरचा कागद गळून पडला. फलकावर उरलं "त्यांनी शुक्रवारपर्यंत सेतू केंद्रात जावे." शुक्रवारी अर्धा गाव सेतूवर. ज्यांची केवायसी दोनदा झाली तेही रांगेत, मजुरी बुडवून. मला आजी-आजोबांचे चेहरे अजून दिसतात.

मला विचारायचं ते असं. आम्हाला वरून येणाऱ्या अधिसूचनांत 'ज्याअर्थी... आणि ज्याअर्थी...' करत पानभर मजकूर असतो आणि शेवटी 'त्याअर्थी, आता' येतं. मधे परिच्छेद तुटतात. ते मग चूकच का? ग्रामसभेचा ठराव लिहिताना मी तसंच लिहितो.

---

तांबडी_शाई
२० ऑगस्ट, दुपारी ३.३०

सूचनाफलक भाऊ, अधिसूचनेत 'ज्याअर्थी'च्या परिच्छेदाशेवटी नीट पाहा. तिथं अर्धविराम असतो, पूर्णविराम नसतो. म्हणजे पान संपलं तरी वाक्य संपलेलं नाही, ते 'त्याअर्थी' येऊन क्रियापद मिळेपर्यंत चालू आहे. लिहिणाऱ्याला माहीत आहे की दार उघडं आहे. वाचायला जड आहे, पण तुटकं नाही. तुमच्या ठरावात तिथं टिंब पडत असेल तर ते मात्र तुटकं.

फलकासाठी 'ज्या-त्या' ठेवूच नका. मराठीत याहून आखूड सोय आहे: "ई-केवायसी न झालेल्या शेतकऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सेतू केंद्रात जावे." एकच वाक्य, एकच क्रियापद. कोणी आणि काय करायचं हे एका ओळीत आलं, एका कागदावर मावलं.

---

धुऱ्यावरून
२० ऑगस्ट, संध्याकाळी ७.५०

ताई, एक राहिलं. कापूस वेचून ठेवला असला अन् आभाळ आलं का आमची बायको म्हणते, "पाऊस आला तं?" बस, एवढंच. पुढं काही नाई. मी समजतो अन् ताडपत्री काढतो. 'जर-तर'मधलं 'तर'च हाय ना हे? तुमच्या हिशोबानं दार उघडं राहिलं. पण तिचं बोलणं तं पूर्ण हाय.

---

इंग्रजीचा_तास
२० ऑगस्ट, रात्री ८.२०

भाऊ, ते पूर्ण नाही. तिच्या मनात 'पाऊस आला तर काय करायचं?' असं असतं, उरलेलं तुम्ही मनात भरता. व्याकरणात ते अपूर्णच धरायचं.

---

तांबडी_शाई
२० ऑगस्ट, रात्री ९.१५

सर, इथं मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. 'पाऊस आला तर?' हा आता आपल्या भाषेतला प्रश्नाचा एक ठरलेला साचाच झाला आहे. त्यात काळजी आहे आणि सूचनाही आहे. 'काय करायचं' हे शब्द भरले की ती काळजी कमी होऊन नुसती चौकशी उरते. म्हणजे काही गाळलेलं आहे असं म्हणणंच अवघड. प्रश्नचिन्हासह ते लिहिलं तर मी हात लावत नाही. 'पाऊस आला तर.' असं टिंब देऊन लिहिलं तर मात्र लावते. यावर माझ्या दोन शिक्षकांचं आपसात एकमत नव्हतं, माझंही अजून ठरत नाही.

'का आला नाहीस?' या प्रश्नाला 'पूर होता म्हणून.' हे उत्तर मात्र निःशंक चालतं. तिथं प्रधानवाक्य विचारणाऱ्यानं आधीच बोलून टाकलेलं असतं.

---

पांदणवाट
२१ ऑगस्ट, रात्री ८.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काय झालं ते सांगते.

मुलाला जवळ बसवून 'म्हणून'ची ओळ मोठ्यानं वाचायला लावली, टिंबं न बघता. तो 'थांबली'वर थांबला आणि 'म्हणून बाबांनी मला घरी परत नेलं' एका दमात म्हणाला. मग स्वतःच पेन घेऊन टिंब खोडलं आणि एक शब्द मागं दिलं. मी काही बोलले नाही.

'पाऊस थांबल्यावर' ला 'काल' लावलं, 'उद्या' लावलं. दोन्ही बसले तेव्हा तो हसला आणि ती ओळ पुढच्या ओळीला जोडून टाकली. 'ज्या बैलाला' मात्र त्याला अजून पटलेलं नाही. म्हणतो, "मॅडम, 'त्याला' तर लिहिलंय ना मी." मी दोन्ही ओळी दोन चिठ्ठ्यांवर लिहिल्या, वरची लपवली, खालची शेजारच्या मुलीला वाचायला दिली. ती म्हणाली, "कोणाला न्यायचं होतं?" तो म्हणाला, "पण मी चिठ्ठी फाडलीच नव्हती." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. उद्या वरची चिठ्ठी एकटी देऊन बघते, 'ज्या बैलाला तार लागली होती' एवढीच, आणि पुढं काय म्हणतात ते ऐकते.

'कारण'चा अर्धा गुण त्याला परत दिला. बाकी तीस वह्यांतले 'कारण'चे गोलही पुसले. लाल शाई पुसली जात नाही, म्हणून प्रत्येक गोलावर काट मारून शेजारी सही केली. फळ्यावरचं वाक्य तसंच राहू दिलं.

गुरुजी, 'कारण'च्या आधी स्वल्पविराम शोभतो कुठं, तेही सांगितलं वर्गात. तुमचं नाव घेऊन.

---

जुने_गुरुजी
२१ ऑगस्ट, रात्री ९.३०

गुण परत दिलेत, ते मला अजून पटलेलं नाही. पण टिंब मागं घ्यायला लावण्याची रीत आवडली. आमच्या वेळी आम्ही नुसते गोल करत होतो.

त्या चिठ्ठीच्या प्रयोगात 'ज्या बैलाला'च्या जागी 'कारण नाल्याला पूर आला होता' हीसुद्धा एक चिठ्ठी टाका. शेजारची मुलगी काय विचारते ते इथं लिहा.

---

धुऱ्यावरून
२१ ऑगस्ट, रात्री ९.४२

ताई, अन् त्या बैलाचं काय झालं? तार खोल लागली असन तं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का, विचारा पोराले. पोळा जवळ आला.